नकाराचे पत्र



पत्रलेखनाचा अभ्यास करताना निमंत्रणपत्र, आभारपत्र, अभिनंदनपत्र, सांत्वनपत्र असे अनेक नमुने तुमच्या वाचनात आले असतील. आलेल्या निमंत्रणाला नकार देणाऱ्या पत्राचा नमुना मात्र क्वचितच आढळतो. याचे कारण मला असे वाटते की, नकार लिहून द्यावा अशी आपल्याकडे रीतच नाही. आमच्या वऱ्हाडात तर त्यासाठी वेगळे वाक्यही लागत नाही. 'पाहतो' एवढा एक शब्द पुरतो. व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन कोणी घरी आले, चहा झाला, तारीख सांगून झाली, की यजमान म्हणतो, 'पाहतो न'. बोलणाऱ्याच्या मनात याचा अर्थ 'नाही' असा असतो आणि ऐकणारा त्याचा अर्थ 'हो' असा घेऊन दुचाकीला किक मारतो. दोघेही प्रसन्न मनाने एकमेकांचा निरोप घेतात. त्यानंतर जे घडते ते पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात घडते.

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका तुम्ही पाहिली असेल. पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरी पारायण, दुपारचे प्रवचन, सायंकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. सातही दिवसांचे कीर्तनकार, विणेकरी, मृदंगाचार्य आणि त्या त्या दिवसाचे अन्नदाते अशी पन्नास-साठ नावे त्या एका कागदावर दाटीवाटीने बसविलेली असतात. कीर्तनकारांच्या तारखा कित्येकदा वर्षभर आधी घेतलेल्या असतात. पत्रिका एकदा छापून पंचक्रोशीत वाटली, चौकात फ्लेक्स लागला, की त्यातील एक नाव वगळणे म्हणजे सर्वांसमक्ष खुलासा करण्यासारखे होते. म्हणून समितीला वक्त्याचा होकार हवा असतो हे खरे. परंतु तो मिळणार नसेल तर नकार छपाईच्या आधी हवा असतो. 'पाहतो' हा शब्द नेमका तेवढाच वेळ खाऊन टाकतो.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, काही वर्षांपूर्वी माघ महिन्यातील अशाच एका सप्ताहातील व्याख्यानाला मी लेखी नकार दिला. तो कसा दिला आणि त्यात कोणता शब्द कोठे व का ठेवला, हे तुमच्यासमोर मांडावे अशी इच्छा आहे.

गाव रिसोड तालुक्यातील. निमंत्रण घेऊन तिघे आले होते. एक माझा जुना विद्यार्थी, आता गावात कृषी सेवा केंद्र चालविणारा. दुसरे समितीचे अध्यक्ष, वयाने माझ्याहून वडील. आणि तिसरा गाडी चालवून आणणारा तरुण. विद्यार्थ्याने खिशातून पत्रिकेचा कच्चा मसुदा काढला. काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळेत व्याख्यान, विषय 'आपल्या गावाचा वाकाटककालीन इतिहास', आणि त्याखाली माझे नाव. "सर, तुमचं नाव टाकलं आम्ही. गावाले तुमच्याशिवाय कोन सांगन?" तो म्हणाला.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट उजेडात आला आणि त्यामुळे ही शाखा स्वतंत्र होती हे अभ्यासकांना कळले. ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तही वत्सगुल्माचा उल्लेख येतो. या साऱ्याचा आम्हा वाशीमकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मात्र या अभिमानामुळे जिल्ह्यातील प्रत्येक जुना दगड वाकाटकांच्या पदरी बांधण्याची हौसही वाढली आहे.

त्या गावाबाहेर एक पडके शिवमंदिर आहे. गावकऱ्यांना त्यासाठी 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा हवा होता. तो जिल्हा नियोजन समितीकडून मिळतो आणि मिळाला तर रस्ता, दिवे, संरक्षक भिंत अशा कामांना निधी मिळण्याची वाट उघडते. अर्जासोबत वर्तमानपत्रातील कात्रण जोडायचे, त्यात एका प्राध्यापकाने जाहीर व्याख्यानात मंदिर वाकाटककालीन असल्याचे सांगितले अशी बातमी असावी, हा त्यांचा बेत होता. त्यांनी तो लपविला नाही. त्यात कसला दुष्टावा नव्हता. गावाला रस्ता हवा होता.

त्या वेळी मी 'हो' म्हणालो नाही आणि 'पाहतो' असेही म्हणालो नाही. मी म्हणालो, "मंदिर आधी नजरेखालून घालतो. परवा संध्याकाळपर्यंत तुम्हाला पक्के उत्तर देतो. तोवर पत्रिका छापायला देऊ नका." विचार करायला वेळ मागण्यात काही गैर नाही, परंतु त्या वेळेला शेवट असला पाहिजे आणि तो आपण स्वतः सांगितला पाहिजे. शेवट नसलेला वेळ म्हणजे पुन्हा 'पाहतो'च.

दुसऱ्या दिवशी मी मंदिर पाहून आलो. घडीव काळ्या दगडांचे थर, सांध्यांत चुना नाही, दगड एकमेकांच्या वजनावर व खाचांवर तोललेले. खांबांवरील नक्षीही त्याच ओळखीच्या धाटणीची. ज्याला आपण हेमाडपंती बांधणी म्हणतो तिचा हा नमुना होता. अशी मंदिरे सर्वसाधारणपणे बाराव्या-तेराव्या शतकातील, म्हणजे यादवांच्या काळातील. वत्सगुल्मचे वाकाटक चौथ्या आणि पाचव्या शतकांतले. मधे सात-आठशे वर्षांचे अंतर आहे. शिलालेख कोठेही दिसला नाही. मंदिर सुंदर आहे, जपण्यासारखे आहे. परंतु त्याला वाकाटककालीन म्हणण्यास मला कोणताही आधार मिळाला नाही.

आता नकार कसा द्यायचा हा प्रश्न होता. सोपी वाट अशी की एखादे कारण पुढे करावे. त्या दिवशी अकोल्यात लग्न आहे, प्रकृती बरी नाही, गुडघ्यामुळे प्रवास होत नाही. अशी कारणे खोटी असतात म्हणून ती टाळावीत असे म्हणता येईल. परंतु मला त्यांची आणखी एक अडचण दिसते. प्रत्येक कारणाच्या पाठोपाठ त्याचा उपाय येतो. तारखेचे कारण दिले की समिती म्हणते, "तारीख बदलून घेऊ न, सर." प्रवासाचे कारण दिले की दारात चारचाकी उभी राहते. प्रकृतीचे कारण दिले की "बसूनच बोला, अर्धाच घंटा बोला" अशी सवलत मिळते, शिवाय चार माणसे भेटायला येतात. उपाय निघाला आणि तरीही आपण गेलो नाही, तर कारण बनावट होते हे उघड होते. गेलो, तर जे करायचे नव्हते ते करावे लागते. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. या कारणावर उपाय निघाला तर मी आनंदाने जाईन का? उत्तर 'हो' असेल तरच ते कारण पत्रात लिहायचे. माझे कारण पुराव्याचे होते. उद्या त्या गावात एखादा वाकाटककालीन ताम्रपट निघाला, तर मी खरोखरच पहिल्या गाडीने गेलो असतो.

दुसरा निर्णय फोन की पत्र याचा. मी दोन्ही केले आणि आधी फोन केला. विद्यार्थ्याला ही गोष्ट प्रथम कागदावरून कळली असती तर ते परकेपणाचे झाले असते. परंतु केवळ फोनवर भागत नाही. फोनवरचा नकार त्याच्या तोंडून अध्यक्षांकडे, अध्यक्षांच्या तोंडून समितीकडे जातो आणि तिसऱ्या तोंडी त्याचे 'सर थोडे नाराज आहेत, पण येतील' असे होते. समितीच्या बैठकीत वाचता येईल असा कागद असला की बोलणाऱ्या मधल्या माणसावरचा भारही उतरतो. त्याला आपल्या वतीने भांडावे लागत नाही. पत्र असे होते :

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, सप्ताह समिती

सप्रेम नमस्कार.

माघातील सप्ताहात 'आपल्या गावाचा वाकाटककालीन इतिहास' या विषयावर व्याख्यान देण्याचे आपले निमंत्रण मिळाले. त्यासाठी आपण तिघे घरी आलात, याचा मला आनंद वाटला. हे व्याख्यान मी देणार नाही. पत्रिका छपाईला जाण्यापूर्वी हे आपणांस कळावे म्हणून आजच लिहीत आहे. पत्रिकेतून माझे नाव कृपया कमी करावे.

कारण एकच आहे. मी काल मंदिर पाहिले. त्याची बांधणी हेमाडपंती असून ती वाकाटकांच्या नंतर सात-आठशे वर्षांनी रूढ झालेली आहे. मंदिर वाकाटककालीन आहे असे म्हणण्यास मला आधार सापडला नाही आणि आधार नसताना मी तसे व्यासपीठावरून सांगू शकत नाही. पुढे एखादा लेख अथवा अन्य पुरावा मिळाल्यास मी स्वतः येऊन बोलेन.

मंदिराची बांधणी, खांब व शिल्पे यांचे जे वर्णन मला करता येते ते दोन पानांत लिहून देण्याची माझी तयारी आहे. ते आपण शासनाकडील अर्जास जोडू शकता. त्यात काळाविषयी जेवढे दिसते तेवढेच असेल. मंदिराची रीतसर पाहणी व्हावी म्हणून राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावयाचा असल्यास त्याचा मसुदाही करून देईन.

सप्ताहास शुभेच्छा.

आपला,

सही.

आता या पत्राकडे भाषेचे विद्यार्थी म्हणून पाहा. 'हे व्याख्यान मी देणार नाही' हे वाक्य तिसरे आहे. पहिल्या दोन वाक्यांत निमंत्रणाची पोच आणि आनंद आहे. चौथ्या वाक्यापर्यंत तो लांबविला असता तर वाचणाऱ्याला होकाराची आशा वाटू लागली असती. आपल्या पत्रांची एक जुनी खोड अशी की आधी एक पानभर गौरव करायचा आणि मग 'परंतु' म्हणायचे. वाचणारा त्या 'परंतु'चा दबा धरून बसलेला असतो. त्यामुळे आधीचा सगळा गौरव त्याला प्रस्तावनेपुरताच वाटतो. माझ्या पत्रात 'परंतु' नाही, हे मी मुद्दाम केले. आनंद वाटला हे एक स्वतंत्र वाक्य आहे आणि व्याख्यान देणार नाही हे दुसरे स्वतंत्र वाक्य आहे. दोन्ही खरी आहेत आणि एकाने दुसऱ्याला खोडायचे कारण नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. मराठीत हाच आशय तीन प्रकारे मांडता येतो. 'माझे येणे होणार नाही', 'मी येऊ शकत नाही' आणि 'मी येणार नाही'. पहिल्या वाक्यात येणारा माणूसच बाजूला सरकला आहे. येणे हे जणू पावसासारखे आपोआप होणारे किंवा न होणारे आहे. सौजन्य म्हणून हा प्रयोग गोड वाटतो, म्हणूनच लग्नपत्रिकांच्या उत्तरांत तो शोभतो. मात्र समितीला त्यातून निर्णय कळत नाही. 'होईल, होईल' असे म्हणण्यास जागा राहते. दुसऱ्या वाक्यात असमर्थता आहे. असमर्थता दिसली की मदत करणे हा ऐकणाऱ्याचा धर्म होतो आणि मग ती चारचाकी दारात येते. तिसऱ्या वाक्यात निर्णय आहे आणि तो कोणाचा हेही आहे. ते उद्धट वाटेल अशी भीती तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात उद्धटपणा क्रियापदात नसतो, तर कारण न देण्यात असतो. म्हणून निर्णयासाठी मी 'देणार नाही' वापरले आणि कारण सांगताना 'सांगू शकत नाही' वापरले. कारण तेथे खरोखरच असमर्थता होती.

आणखी दोन गोष्टी पत्रात नाहीत, त्याही पाहण्यासारख्या आहेत. मी दुसऱ्या वक्त्याचे नाव सुचविले नाही. अमुक प्राध्यापकांना बोलवा असे लिहिणे उपकाराचे वाटते. पण त्या गृहस्थांना न विचारता त्यांचे नाव देणे म्हणजे आपल्या दारातील अडचण त्यांच्या दारात नेऊन ठेवणे होय. शिवाय या ठिकाणी ज्याला आधार नाही ते दुसऱ्याने बोलावे असे मी कोणत्या तोंडाने सुचविणार? तसेच, मी विषय बदला असे लिहिले नाही. माझे नाव कमी करा एवढेच लिहिले. पत्रिका समितीची आहे. तिच्यातील माझ्या नावापुरताच माझा अधिकार.

मानधनाचा उल्लेखही पत्रात नाही. त्यांनी तो केला होता, आणि रक्कम गावाच्या मानाने मोठी होती. नकाराच्या पत्रात पैशाचा विषय आला की नकार पैशासाठीच होता असे कोणाला तरी वाटतेच.

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध नकाराचे पत्र मात्र माझ्या या बेताच्या पत्राहून फार वेगळ्या जातीचे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी १८८५ च्या मे महिन्यात भरायची होती. आज आपण ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची परंपरा याच सभांपासून मोजली जाते. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण माधवराव रानडे यांनी जोतीराव फुले यांना पाठविले. हे निमंत्रण सभेस येण्याचे होते, व्याख्यानाचे नव्हे. जोतीरावांनी नकार कळविला आणि ते पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्धही झाले.

त्या पत्राविषयी बोलताना आपण त्यातील उपरोध आणि संताप यांकडेच पाहतो. परंतु त्याची बांधणी पाहा. आरंभी निमंत्रणाची पोच आहे, आनंद झाल्याचे सांगणे आहे, मग नकार आहे, नकाराचे कारण सविस्तर आहे आणि शेवटी सलामदेखील आहे. पत्रलेखनाची चौकट त्यांनी मोडलेली नाही. कारण असे की, जे लोक सर्व माणसांच्या हक्कांचा विचार करीत नाहीत आणि आपल्या ग्रंथांतही करीत आलेले नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसणार नाही. माझी वर सांगितलेली कसोटी येथे लावून पाहा. या कारणाला उपाय होता का? होता. सर्वांचे हक्क मान्य करावेत. तो उपाय झाला असता तर नकाराचे प्रयोजनच उरले नसते. म्हणजे कारण खरे होते.

मग त्यांनी मवाळ शब्द का वापरले नाहीत? कारण त्यांचा आक्षेप एखाद्या तारखेला किंवा विषयाला नव्हता, सभेच्या पायालाच होता. अशा आक्षेपावर साखर पेरली असती तर तो आक्षेपच राहिला नसता. सभा भरविणारे 'प्रकृतीमुळे आले नाहीत' असे म्हणून मोकळे झाले असते. माझी गोष्ट तशी नव्हती. त्या गावाशी, त्याच्या सप्ताहाशी, मंदिराला दर्जा मिळावा या इच्छेशी माझे काही भांडण नव्हते. भांडण केवळ एका विशेषणाशी होते, 'वाकाटककालीन' या विशेषणाशी. आक्षेप जेवढा, तेवढाच नकार मोठा असावा. माझ्या पत्रात जोतीरावांचा आवेश उसना आणला असता तर तो हास्यास्पद झाला असता, आणि त्यांच्या पत्रात माझा मऊपणा असता तर आज ते कोणी वाचले नसते.

पत्र गेल्यावर प्रकरण मिटले असे समजू नका. नकार एकदा देऊन संपत नाही. दुसरी विनंती येतेच, आणि पुष्कळांचा पाय तेथेच घसरतो. चार दिवसांनी अध्यक्ष स्वतः एकटेच आले. वाद घालायला आले नव्हते. ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, मले एक सांगा, आमचं गाव जुनं हाय का नाई?"

"हाय," मी म्हणालो.

"मंग? तेवढंच बोला. वाकाटक नका म्हनू. पत्रिकेवर राहू द्या, तुमी काई बी बोला. गोट्याचं वय कोन मोजते?"

ही दुसरी विनंती पहिलीहून अवघड होती, कारण ती वाजवी दिसत होती. 'काहीही बोला' ही सवलत मोठ्या मनाने दिलेली होती. परंतु पत्रिकेवर तो विषय आणि त्याखाली माझे नाव राहिले असते, तर मी ज्वारीवर बोललो असतो तरी बातमी मंदिराचीच छापली गेली असती. माझे तेथे बसणे हाच पुरावा झाला असता. मी त्यांना हे याच शब्दांत सांगितले आणि पत्रातलेच कारण पुन्हा सांगितले. नवे कारण जोडले नाही. दुसऱ्या भेटीत एक जादा कारण सांगण्याचा मोह होतो, म्हणजे समोरच्याला बरे वाटावे म्हणून 'आणि तसा त्या दिवशी मला वेळही नव्हता' असे काहीतरी. ते ऐकताच पहिले कारण पातळ होते, आणि समोरचा माणूस नव्या, सोप्या कारणाला हात घालतो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका घंट्याचं त काम व्हतं. गावाचा रस्ता झाला असता." यावर मी काही बोललो नाही. रस्ता झाला असता की नाही हे मला सांगता येण्यासारखे नव्हते, आणि तो गावाला हवा होता हे मला मान्य होते. त्यांची निराशा दूर करणे माझ्या हाती नव्हते. सौम्यपणे नकार दिला म्हणजे समोरच्याला वाईट वाटत नाही, असे नाही. वाईट वाटते. त्याला फसविले गेल्यासारखे वाटू नये, एवढेच आपण पाहू शकतो. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. ती दोन पाने लिहून झाली होती, ती त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती न वाचता घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

पत्रिका आली तेव्हा त्या दुपारच्या दोन ते चारच्या चौकटीत शेजारच्या गावच्या महिला मंडळाचे भजन होते. माझ्या विद्यार्थ्याने ती स्वतः आणून दिली आणि काल्याला येण्याचे निमंत्रण दिले. हे निमंत्रण मी तेथल्या तेथे स्वीकारले. काल्याच्या दिवशी मंडपात मागच्या बाजूला सतरंजीवर बसून कीर्तन ऐकले आणि पंगतीत जेवलो. अध्यक्ष वरणाची बादली घेऊन वाढत होते. माझ्या पत्रावळीपाशी थांबले, वरण वाढले आणि पुढे गेले. बोलले नाहीत.

त्या दोन पानांचे काय झाले, हे काही महिन्यांनी विद्यार्थ्याकडून कळले. अर्जासोबत ती जोडली होती. 'हेमाडपंती' या शब्दाखाली कोणीतरी निळ्या शाईने रेघ ओढली होती आणि अर्जाच्या विषयातले 'वाकाटककालीन' खोडून 'प्राचीन' असे केले होते. मला विचारले असते तर मी 'मध्ययुगीन' लिहा म्हटले असते. पण त्यांनी विचारले नाही, आणि अर्ज माझा नव्हता.